काळापांढरा पाऊस

भाच्याने प्रोजेक्टसाठी पुणे जिल्ह्याच्या वार्षिक पावसाचा नकाशा आणला, तोही झेरॉक्सचा स्कॅन. मूळ नकाशा रंगीत: कमी पाऊस गडद निळा, मग आकाशी, पोपटी, पिवळा आणि सर्वांत जास्त तिथे गडद लाल. स्कॅनमध्ये उरलं नुसतं करडं. "मामा, ताम्हिणी आणि बारामती सारखीच काळी दिसतायत!" बारामतीकरांनी ऐकलं तर पेढे वाटतील.

चूक स्कॅनरची नाही. रंगाचं करडं करण्याच्या नेहमीच्या सूत्रात हिरव्याला सुमारे ५९ टक्के वजन मिळतं, लालला ३० आणि निळ्याला जेमतेम ११. शून्य म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा धरला, तर शुद्ध निळा २९ वर येतो, लाल ७६ वर आणि पिवळा थेट २२६ वर. म्हणजे सूचीची पट्टी निळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजळत जाते आणि तिथून लालकडे पुन्हा काळवंडते. एकच करडी छटा पट्टीवर दोनदा सापडते, म्हणून छटा जुळवून पाऊस वाचता येत नाही.

पण पाऊस उडी मारत नाही. निळ्याकडून लालकडे जायचं तर वाटेत पिवळं लागणारच, आणि पिवळं म्हणजे स्कॅनमधली सर्वांत फिकी पट्टी. मी त्याला पुणे शहरावर बोट ठेवायला लावलं. इथे पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपण निळ्या बाजूला. बोट पूर्वेला सरकवलं तर बारामतीपर्यंत फिकी पट्टी लागतच नाही. पश्चिमेला मात्र पौडच्या पुढे ती एकदा ओलांडावी लागते. म्हणून ताम्हिणीचा काळा हा लालचा काळा.

मग सिंहगडाजवळचा फिकट ठिपका. निळ्या बाजूला फिकं म्हणजे जास्त पाऊस, लाल बाजूला फिकं म्हणजे कमी. आपण पट्टी ओलांडलेली नाही, तेव्हा इथे आजूबाजूपेक्षा जास्त. ठिपक्याच्या मधोमध पुन्हा गडद दिसलं असतं, तर भोवतालचं कडं किती फिकं आहे ते बघायला हवं होतं. सूचीतल्या सर्वांत फिक्या छटेपर्यंत ते पोचलं नसेल, तर पाऊस लालकडे गेलाच नाही, अर्ध्या वाटेतून मागे फिरला. ही तुलना त्याच पानावरच्या सूचीशी करायची. २२६ वगैरे आकडे कागदावर शोधू नयेत, कारण झेरॉक्सवाल्याने डार्क वाढवलेलं असतं.

हे सगळं चालतं ते नकाशा सलग रंगवलेला असेल तरच. प्रत्येक पर्जन्यमापकाला एकेक सुटा रंगीत ठिपका दिला असेल, तर एका ठिपक्यावरून दुसऱ्याकडे जायला वाटच नाही. भाच्याच्या प्रोजेक्टमधलं पुढचं पान नेमकं तसंच निघालं. त्याला म्हटलं, हे सोड, आकड्यांचा तक्ता माग.