आमची वाटचाल : पॅनच्या मिलिमीटरपासून व्हॉल्वच्या मिनिटापर्यंत

जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात ठिबकचे संच बसवणं हे आमच्या छोट्या फर्मचं मूळ काम. शेवटच्या ड्रिपरपर्यंत पाणी पोचलं की आम्ही मोकळे, आणि तिथूनच शेतकऱ्याचा प्रश्न सुरू व्हायचा: "किती वेळ चालू ठेवायचं?" आमचं ठरलेलं उत्तर होतं, रोज दोन तास. जानेवारी-फेब्रुवारीत लागलेल्या उन्हाळी टोमॅटोला ते उत्तर दोन्ही टोकांना चुकतं. रोप वीतभर असताना दोन तासांच्या पाण्याने बेडला वाफसाच येत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि रोप पिवळं पडतं. मे महिन्यात फळांनी लगडलेल्या झाडाला तेच दोन तास पुरत नाहीत. आता आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर मिनिटांत देणं.

त्यासाठी आधी दिवसाला किती पाणी उडतं ते मोजावं लागतं. मोजायचं साधन म्हणजे बाष्पीभवन पात्र, आमच्याकडे सगळे त्याला पॅनच म्हणतात. चार फूट (१२२ सेंमी) व्यासाचं, दहा इंच खोल, बाहेरून पांढरा रंग दिलेलं, लाकडी फळ्यांच्या चौकटीवर पाणसळ लावून ठेवलेलं आणि वर जाळी. पाणी काठापासून साधारण दोन इंच खाली. आत एका छोट्या नळकांड्यात टोकदार काटा उभा असतो. रोज सकाळी ठरलेल्या वेळी पाणी पुन्हा त्या काट्याच्या टोकाला लागेपर्यंत मापाने ओतायचं. या व्यासाच्या पॅनमध्ये १ मिमी म्हणजे १.१७ लिटर. साडेदहा लिटर ओतावं लागलं तर काल ९ मिमी उडालं. अवकाळी पाऊस झाला तर पर्जन्यमापकातले मिलिमीटर त्यात मिळवायचे.

आमची पहिली मोठी चूक पॅनच्या आकड्यात नव्हती, पॅनच्या जागेत होती. पहिला पॅन आम्ही नांगरून ठेवलेल्या मोकळ्या रानाच्या कडेला बसवला, कारण तिथे सावली नव्हती. सावली नसावी हे बरोबरच. पण तापलेल्या ढेकळांवरून येणारा कोरडा वारा पॅनमधलं पाणी जास्त उडवतो. हिरव्या पिकावरून आलेला वारा आधीच थोडा ओला आणि थंड झालेला असतो. त्यामुळे एकाच दिवशी एकाच शिवारात मोकळ्या रानातला पॅन साडेदहा मिमी दाखवतो आणि गवताच्या पट्ट्यातला नऊ. पिकाची तहान दोन्हीकडे तीच.

म्हणून पॅनचा आकडा सरळ वापरत नाहीत, त्याला पात्र गुणांकाने गुणतात. गुणाकार येतो त्याला संदर्भ बाष्पोत्सर्जन म्हणतात: पाण्याची ददात नसलेलं, एकसारखं वाढलेलं हिरवं गवत जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसभरात जेवढं पाणी उडवेल तेवढं. आपल्याकडे सरसकट ०.७ धरायची पद्धत आहे. पण अन्न व कृषी संघटनेच्या १९९८ च्या ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेत हा गुणांक वारा, हवेतली आर्द्रता आणि पॅनभोवती हिरवळ किती अंतरापर्यंत आहे यावर बदलतो. कोरड्या हवेत, मंद वाऱ्यात, भोवती दहा मीटर हिरवळ असेल तर तो ०.६५. शंभर मीटर कोरडं रान असेल तर ०.५५. हे आकडे उघड्या पॅनचे. आपल्या पॅनवर जाळी असते आणि जाळीमुळे बाष्पीभवन दहा टक्क्यांपर्यंत कमी होतं, म्हणून गुणांक तेवढा वर घ्यावा लागतो. अशा हिशेबाने हिरवळीतल्या जाळीच्या पॅनला आम्ही ०.७ लावतो आणि कोरड्या रानातल्याला ०.६. मग नऊ गुणिले ०.७ म्हणजे ६.३, आणि साडेदहा गुणिले ०.६ म्हणजेही ६.३. कोरड्या रानातल्या पॅनला ०.७ लावत होतो तेव्हा रोज एक मिमी जास्त पाणी सुचवत होतो. एकरावर एक मिमी म्हणजे चार हजार लिटर.

जाळी काढून टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण तिच्यामुळे साफसफाईला अडचण होते. एप्रिलमध्ये जाळी काढली की कावळे, कुत्री, शेळ्या सगळ्यांची सोय होते. कालपर्यंत नऊ असलेलं वाचन एकदम चौदा आलं आणि हवेत काही बदल नाही, तर आधी पॅनभोवतीचे पाय बघायचे. गळती वेगळी ओळखता येते. रात्री बाष्पीभवन अगदी कमी असतं, म्हणून संध्याकाळी आणि पहाटे पातळी बघायची. रात्रीतही दोन-तीन मिमी जात असेल आणि वारा नसेल, तर तळाचा सांधा तपासायचा. शेवाळ आणि गाळ साचला तरी वाचन बिघडतं. दर पंधरवड्याला पॅन धुऊन भरणं एवढंच त्याचं औषध.

पुढचा गुणांक पिकाचा, म्हणजे त्या संदर्भ गवताच्या तुलनेत आपलं पीक किती पाणी उडवतं तो. टोमॅटोला सुरुवातीला ०.६, फुलं-फळांच्या भरात १.१५ आणि तोडणी संपत आली की ०.७ ते ०.९, हे तक्त्यातले आकडे. यातला पहिला आकडा आम्हाला बरीच वर्षं नडला. रोप लहान असताना ते ०.६ मुख्यतः ओल्या उघड्या मातीतून उडणाऱ्या पाण्याचे असतात, रोपाचे नव्हेत. आता बेडवर मल्चिंग पेपर असतो आणि माती उघडी राहतच नाही. मल्चिंगमुळे मातीतलं बाष्पीभवन ५० ते ८० टक्के घटतं. तापलेल्या कागदाची उष्णता पानांना लागून पानांतून जाणारं पाणी मात्र १० ते ३० टक्के वाढतं. एकूण हिशेबात पिकाचा गुणांक १० ते ३० टक्के खाली येतो. भरातल्या झाडाला आम्ही २० टक्के कमी करून ०.९२ धरतो. लहान रोपाला ०.३ धरून सुरुवात करतो आणि पानांचा पसारा बेडवर जसा पसरेल तसा आठवड्यागणिक वाढवत नेतो.

आता एक एकर घेऊ. बेड दीड मीटरवर, प्रत्येक बेडवर एक इनलाइन लॅटरल, ड्रिपर ४० सेंमीवर, ताशी दोन लिटरचा. एका ड्रिपरच्या वाट्याला दीड गुणिले ०.४ म्हणजे ०.६ चौरस मीटर जागा येते. दोन लिटर भागिले ०.६, म्हणजे हा संच तासाला ३.३३ मिमी पाणी देतो. हा आकडा आम्ही प्रत्येक शेतकऱ्याच्या फिल्टरच्या खांबावर ऑइलपेंटने लिहून ठेवतो. तो एकदाच काढायचा असतो आणि रोज लागतो.

फेब्रुवारीत, लागवडीनंतर पंधरवड्याने, पॅन साडेपाच मिमी दाखवतो असं समजू. ५.५ गुणिले ०.७ गुणिले ०.३ म्हणजे साधारण १.२ मिमी. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर द्यायचे १.३ मिमी. संच चालवायचा २३ मिनिटं. एप्रिलमध्ये झाड भरात आलं, पॅन नऊवर गेला. ९ गुणिले ०.७ गुणिले ०.९२ म्हणजे ५.८, कार्यक्षमता धरून ६.४ मिमी, म्हणजे एक तास ५५ मिनिटं आणि एकराला सुमारे २६ हजार लिटर. आमचे जुने दोन तास एप्रिलच्या काही दिवसांत बरोबर यायचे ते असे, योगायोगाने. एका दिवसाच्या वाचनावर आम्ही वेळ बदलत नाही, तीन दिवसांची सरासरी घेतो.

या हिशेबात ड्रिपर दोन लिटर देतो हे गृहीत आहे, आणि विहिरीच्या जड पाण्यावर दुसऱ्या हंगामात तो तेवढं देत नाही. तपासायला घड्याळ आणि मोजपात्र पुरतं. ड्रिपरखाली ३६ सेकंद भांडं धरायचं आणि जमलेल्या मिलिलिटरला दहाने भागायचं. वीस मिली म्हणजे ताशी दोन लिटर. व्हॉल्वजवळच्या, मधल्या आणि टोकाच्या लॅटरलवर मिळून सोळा ठिकाणी मोजतो. सगळीकडे १.६ च्या आसपास येत असेल तर एक तास ५५ मिनिटांचे दोन तास २४ करून भागतं. पण काही ठिकाणी दोन आणि काही ठिकाणी एक येत असेल, तर वेळ वाढवून उपयोग नाही. चांगल्या ड्रिपरखालच्या झाडांचं पाणी मुळांखाली निघून जातं, बुजलेल्याखालची झाडं तशीच तहानलेली राहतात. तिथे आधी लॅटरल फ्लश करून आम्लप्रक्रिया करायची, मग वेळापत्रक.

गणित बरोबर बसलं की नाही ते माती सांगते. माती किती सुकली ते दाखवणाऱ्या, ३० सेंमी खोलीवर बसवलेल्या टेन्शिओमीटरचं सकाळचं वाचन आम्ही फळ्यावर लिहून ठेवायला सांगतो. आकडा रोज थोडा थोडा चढत असेल तर पिकाचा गुणांक कमी धरला गेलाय. दहा सेंटिबारच्या खालीच बसून राहत असेल तर पाणी जास्त होतंय. टेन्शिओमीटर नसेल तर दोन ड्रिपरच्या मधली तेवढ्याच खोलीवरची माती मुठीत दाबून बघायची: गोळा व्हावा, पण हाताला पाणी सुटू नये. दुपारी दोनला पानं वळलेली दिसली म्हणून व्हॉल्व उघडायचा नाही, एप्रिलच्या उन्हात पोटभर पाणी प्यालेलं झाडही पानं वळवतं. सकाळी सातला पानं मलूल असतील तर मात्र खरंच ताण आहे. फळाच्या बुडाला काळा खोलगट डाग दिसला की लोक कॅल्शियमची बाटली आणतात. मातीत कॅल्शियम बहुतेकदा असतं. चार दिवस ताण आणि मग भरपूर पाणी, अशा ओढाताणीत ते फळापर्यंत पोचत नाही. फळं तडकण्यामागेही बऱ्याचदा हीच ओढाताण असते.

पाटपाण्यावरच्या कांदेवाल्यांना मिनिटांचा हिशेब कामाचा नाही. ते रोजची वाचनं बेरीज करत जातात. बेरीज ५० झाली की ५० मिमीची एक पाळी. पॅन पाच असेल तर दहा दिवसांनी, नऊ असेल तर साडेपाच दिवसांनी. कालव्याचं आवर्तन तसं येत नाही, म्हणून मधल्या पाळ्या विहिरीवर काढाव्या लागतात.

आणि ठिबकवाल्यांचं खरं कोडं मे महिन्यात असतं. समजा एकेक एकराचे चार व्हॉल्व, एका वेळी एकच चालतो, थ्री फेज आठ तास. एप्रिलच्या हिशेबाने चारांना सात तास ४० मिनिटं लागतात, म्हणजे कसंबसं बसतं. पॅन अकरावर गेला की प्रत्येकाला दोन तास २२ मिनिटं, एकूण साडेनऊ तासांच्या आसपास. मग सगळ्यांना सारखी कात्री लावण्याऐवजी आधी लागवड झालेले प्लॉट बघतो. दोन प्लॉटची तोडणी संपत आली असेल तर त्यांचा गुणांक ०.८, मल्चिंगचे २० टक्के वजा करून ०.६४, आणि वेळ एक तास ३९ मिनिटं. भरातले दोन आणि उतरते दोन मिळून आठ तास दोन मिनिटं होतात. व्हॉल्व बदलण्यात आणि फिल्टर धुण्यात जाणारी दहा-पंधरा मिनिटं आम्ही उतरत्या प्लॉटच्या वेळेतून काढतो.