मीटिंगमध्ये भडकलो, मग माफीचं लेटर लिहिलं

मी सोलापुरात एका टॉवेल फॅक्टरीत पॅकिंग बघतो. एक्स्पोर्टच्या ऑर्डरमध्ये दोन डाय लॉटचा, म्हणजे वेगवेगळ्या वेळी रंगवलेल्या मालाचा, शेड वेगळा आला, कार्टन भरून तयार होते ते सगळे फोडायला लागले, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी डाइंगच्या अण्णांवर ओरडलो, "तुम्हाला रंग तरी दिसतो का?" वर रजिस्टर टेबलावर आपटलं. अण्णा माझ्यापेक्षा वयानं मोठे, काहीच बोलले नाहीत.

दुपारी डाइंगमध्ये जाऊन आधी तोंडी सॉरी म्हटलं. पण ओरडलो दहा जणांसमोर आणि माफी कोपऱ्यात, हे काय बरोबर वाटेना. म्हणून मीटिंगला जे होते त्या सगळ्यांना मेल करायचं ठरवलं.

पहिला ड्राफ्ट पानभर झाला. त्यात कंटेनरची तारीख, रात्रपाळी, आधीचा लॉट, सगळं आलं. वाचल्यावर कळलं की ही माफी नाही, अण्णांची तक्रारच आहे, फक्त शेवटी सॉरी लावलंय. "कुणाचं मन दुखावलं असल्यास" पण काढलं, असल्यास काय, दुखावलंच होतं की.

एका मित्रानं त्याच्याकडचा माफीनाम्याचा तयार नमुना दिला. त्यात "पुढे असं झाल्यास कंपनी करेल ती कारवाई मला मान्य राहील" असं वाक्य होतं. ते मी घेतलं नाही. मला ना मेमो आला होता ना शोकॉज नोटीस, शोकॉज आली की त्याला खुलासा द्यायचा असतो, ते प्रकरणच वेगळं. असा कागद पर्सनल फाइलला लागतो आणि पुढे कधीतरी बाहेर निघतो, मग जे कुणी मागितलंच नाही ते आपणच सही करून का द्यायचं? जे केलं तेवढंच लिहायचं.

शेवटी गेलं ते असं:

"सोमवारच्या मीटिंगमध्ये मी अण्णांवर आवाज चढवला, त्यांच्या कामाबद्दल अपमानास्पद बोललो आणि रजिस्टर आपटलं. हे चुकीचं होतं. अण्णा, मी तुमची माफी मागतो. मीटिंगचा वेळ वाया गेला त्याबद्दल बाकी सर्वांचीही. यापुढे शेडचा प्रश्न आला तर मी दोन्ही लॉटच्या कापडाची कटिंग घेऊन आधी तुमच्याकडे येईन."

"पुन्हा कधीच रागावणार नाही" असं मुद्दाम लिहिलं नाही, माझा स्वभाव सगळ्यांना माहितीये, कोण विश्वास ठेवणार.

शेडचा मुद्दा मात्र सोडला नाही. तो दोन दिवसांनी वेगळ्या मेलमध्ये टाकला, लॉट नंबर आणि फोटोसकट, कारण माफीच्या मेलमध्ये घुसवला असता तर माफी पण गेली असती आणि मुद्दा पण.

अण्णांचा माफीच्या मेलला रिप्लाय आला नाही, मी पण विचारलं नाही. शेडच्या मेलला आला: "पॅकिंगच्या आधी कटिंग पाठवत जा."