आमची वाटचाल: बारा कंपन्या आणि अण्णांची वही

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे. ठेकेदाराच्या कामगारांची गेटवरची हजेरी, त्याचं पगारपत्रक आणि त्याने भरलेलं पीएफ-ईएसआयचं चलन, या तिन्हीतली नावं जुळतात का, हे तपासणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. हजार-दोन हजार ठेकेदारी कामगार असलेले कारखाने आमचं गिऱ्हाईक. पुणे, नाशिक, कोल्हापूर मिळून आमच्या कामाच्या कंपन्या बाराच निघाल्या. त्या बारांपैकी एक गेली की आमच्याकडे पगार अडतात.

तसं २०२१ मध्ये झालं. निम्म्याहून जास्त बिलिंग देणाऱ्या गिऱ्हाइकाने मुख्यालयाची सिस्टिम घेतली आणि आम्हाला पत्र दिलं. हातात चार महिन्यांचे पगार होते. घाबरून मी एका एजन्सीला लिंक्डइनचं काम दिलं आणि माझं खातं तिच्या हवाली केलं. तिने ब्राउझरमध्ये आपोआप निमंत्रणं पाठवणारं एक्स्टेन्शन बसवलं. लिंक्डइनच्या नियमांत ते बसत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. त्याच वर्षी लिंक्डइनने आठवड्याच्या निमंत्रणांवर मर्यादा आणली होती. आकडा ते जाहीर करत नाहीत, पण शंभराच्या आसपास अडतं हा सगळ्यांचा अनुभव.

लिंक्डइनने माझं खातं अडवलं ते नंतर. त्याआधी खरा घात झाला होता. एका कंपनीचे एचआर हेड आमचा दुसरा डेमो बघायला तयार होते. एक्स्टेन्शनने त्याच कंपनीतल्या अकरा जणांना एकाच आठवड्यात, एकाच मजकुराचं निमंत्रण पाठवलं. एचआर हेडांचा मेसेज आला, "तुमचं हेच निमंत्रण आमच्या सेफ्टी ऑफिसरला आलंय, स्टोअरवाल्यालाही आलंय. तुम्हाला नक्की कोण हवंय?" डेमो रद्द झाला. तीन महिन्यांनी ते काम दुसऱ्या कंपनीला मिळालं. त्यांचं सॉफ्टवेअर तेव्हा ईएसआयचं चलन वाचतसुद्धा नव्हतं. पण त्यांच्या माणसाने दोन वर्षं त्या कारखान्याच्या इंटर्नल ऑडिटवाल्यांशी ओळख ठेवली होती. मला ते आजही लागतं.

अण्णा तेव्हा मदतीला आले. ते पीएफचे जुने कन्सल्टंट, कंपनीच्या पहिल्या दिवसापासूनचे भागीदार. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची लांब वही होती, किराणा दुकानात उधारीला असते तशी. त्यांनी एकेका कंपनीला दोन पानं दिली. डाव्या पानावर माणसं, उजव्या पानावर त्या माणसाची काळजी. "अरे, सही कोण करतो ते नंतर बघ. चलनात घोळ निघाला तर झोप कुणाची उडते ते आधी लिही," असं ते म्हणाले.

त्यातून नऊ माणसांची यादी ठरली. हजेरी ठेवणारं टाइम ऑफिस, कारखान्याचा एचआर, कामगार-संबंध बघणारा आयआर, मुख्यालयातला कम्प्लायन्स हेड, इंटर्नल ऑडिट, फायनान्स, आयटी सिक्युरिटी, प्लांट हेड आणि सगळ्यात शेवटी पर्चेस. पर्चेसकडे आधी गेलात की तुम्ही तीन कोटेशनांतलं एक होता, आणि दर सोडून दुसरं काही बोलायला जागा राहत नाही. हे आम्ही दोनदा भोगलंय.

चाकणच्या एका कंपनीचं सविस्तर सांगतो. लिंक्डइनच्या सेल्स नेव्हिगेटरमध्ये बाराही कंपन्या सेव्ह करून ठेवल्या होत्या, म्हणजे तिथे कोण नवीन आलं, कुणाचं पद बदललं, ते कळतं. या कंपनीने कारखान्यासाठी 'ठेकेदारी कम्प्लायन्स एक्झिक्युटिव्ह'च्या दोन जागांची जाहिरात टाकली. अण्णांनी ती वाचून चष्मा काढला. दोन माणसं घेतायत म्हणजे चलनं हाताने ताडली जातायत. पुढच्याच महिन्यात तिथे नवे कम्प्लायन्स हेड आले. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या ठेकेदारी कामगार कायद्याप्रमाणे ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाला द्यावा लागायचा, त्यामुळे नव्या माणसाला जुन्या नोंदींची धास्ती असतेच.

तरी पहिलं निमंत्रण त्यांना गेलं नाही, टाइम ऑफिसच्या प्रमुखांना गेलं. फुकटच्या खात्यात निमंत्रणाच्या चिठ्ठीला दोनशे अक्षरं मिळतात, आणि तेवढी पुरतात. इंग्रजीत लिहिलं होतं, अर्थ असा: "साहेब, ठेकेदाराच्या चलनातली नावं आणि गेटवरची हजेरी तुमच्याकडे कोण ताडून पाहतं? आम्ही सांगलीत हेच काम करतो." लिंक नाही, डेमो नाही. पाच दिवसांनी त्यांनी निमंत्रण स्वीकारलं आणि एका शब्दात उत्तर दिलं: "एक्सेल." मग फोनवर त्यांनी सांगितलं की बेचाळीस ठेकेदारांची चलनं पीडीएफमध्ये येतात आणि दोन मुलं दहा दिवस नावं शोधत बसतात.

हे हातात आल्यावर तीन आठवड्यांनी कम्प्लायन्स हेडना लिहिलं. मजकूर वेगळा होता. बेचाळीस चलनं हा आकडा त्यात घातला नाही, कारण टाइम ऑफिसवाल्यांनी विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्यांच्याच वरिष्ठांपुढे उघडी करायची नसते. फक्त विचारलं, चलनात नाव आहे पण गेटवर कधीच आला नाही, असा कामगार तुमच्याकडे कसा पकडतात? त्यांनी थेट मीटिंग दिली. ऑडिटवाल्यांना त्यांनीच बोलावलं. एका कंपनीतल्या दोन माणसांना लिहिताना मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या, आणि कधीही एकच मजकूर नको. ते एकाच कॅन्टीनमध्ये जेवतात.

मध्ये लिंक्डइनवरच्या जाहिरातींचाही प्रयोग केला. बारा कंपन्यांची यादी चढवली, त्यात एचआर आणि महाराष्ट्र एवढंच ठेवलं, तर मोहीम सुरूच होईना. किमान तीनशे सदस्य लागतात. संख्या भरायला विभाग वाढवले, तर पैसे सेल्सच्या पोरांना जाहिरात दाखवण्यात गेले. महिन्याभरात बंद केलं. गिऱ्हाईक मोजकं असेल तर हा रस्ता धरू नका.

सात महिने लागले. त्यातले दोन आयटी सिक्युरिटीच्या प्रश्नावलीत गेले: सर्व्हर कुठे, बॅकअप किती दिवसांचा, आधारचा आकडा साठवता का. तो साठवत नाही म्हणूनच पुढे सरकलो. पर्चेस आले तेव्हा तीन विभागांची मागणी टेबलावर होती. त्यांनी दर पाडला, पण काम मिळालं. पुढची वर्षं सुरळीत गेली.

नव्या पोरांना मी एवढंच विचारतो, एका कंपनीतली किती वेगवेगळी माणसं स्वतःहून बोलली? एकूण कनेक्शन किती झाली, ते मला सांगू नका. आठशे कनेक्शनं झाली होती तेव्हाच आम्ही बुडत होतो. एका कंपनीत तीन विभाग बोलायला लागले की काम पुढे सरकतंय असं समजतो. सहा महिने एकटा टाइम ऑफिसच बोलत असेल तर ती फक्त मैत्री झाली. ती ठेवा, पण त्यावर पगाराचा हिशोब मांडू नका.

वही आता तिसरी आहे. महिन्याच्या ७ ते १५ तारखेला अण्णा कुणालाही मेसेज पाठवू देत नाहीत. आधी पगार, मग १५ ला पीएफ आणि ईएसआय भरायची शेवटची तारीख. त्या दिवसांत एचआरवाला कुणाचंच वाचत नाही. १६ ला सकाळी ते वही उघडतात आणि आजची दोन नावं सांगतात.