पाण्यावर झोपायची तयारी: पुण्याहून मालवणला पहिलं स्नॉर्केलिंग

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री दहाला आम्ही तिघं कोथरूडहून निघालो: मी, दादा आणि त्याची अकरावीतली मुलगी सई. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली आणि मग मालवण. घाटातलं धुकं सोडलं तर रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते पाण्यातल्या चाळीस मिनिटांबद्दल, आणि त्याआधी सोसायटीच्या टँकमध्ये घालवलेल्या तीन रविवारांबद्दल.

नवशिक्याच्या हातून प्रवाळ मोडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. मास्कमध्ये किंवा नळीत पाणी शिरतं, माणूस घाबरतो आणि पाय खाली सोडून उभं राहायला बघतो. टँकमध्ये खाली फरशी असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ खडकांवर खाली प्रवाळ असतं, नाहीतर काळ्या लांब काट्यांचा सी अर्चिन. त्याचा काटा तळव्यात शिरून आत मोडतो. म्हणजे एकाच चुकीत आपलंही नुकसान आणि प्रवाळाचंही. दगडासारखी गोल वाढणारी प्रवाळं वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, त्यामुळे टाचेने मोडलेला बोटभर तुकडा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ गेली.

म्हणून टँकमध्ये आम्ही ठरवलं, पोहायचा सराव कमी आणि उभं न राहण्याचा जास्त. चार फूट पाण्यात पालथं पडायचं, मुद्दाम नळीत पाणी जाऊ द्यायचं आणि पाय न टेकता ते बाहेर काढायचं. नळीसाठी 'थू' म्हणतो तसा एकच जोरदार फुंकर. पहिल्या फुंकरीनंतरही थोडं पाणी आत राहतं, म्हणून पुढचा श्वास हळू घ्यायचा आणि मग दुसरी फुंकर. फुंकरीसाठी छातीत हवा शिल्लक हवी, म्हणून श्वास पूर्ण सोडून रिकामं कधीच व्हायचं नाही. मास्कमधल्या पाण्यासाठी मान किंचित वर, बोटांनी मास्कची वरची कड कपाळावर दाबायची आणि नाकाने श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जातं. सईला हे दहा मिनिटांत जमलं. मला दोन रविवार लागले, आणि दादाने 'समुद्रात बघू' म्हणून टाळलं.

मास्क जमतोय का हे कोरड्यावरच कळतं. पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा, नाकाने हवा आत ओढा आणि हात सोडा. पडला नाही तर तुमचा. रबरी कडेखाली केसाची एक बट आली तरी पाणी झिरपतं. दादाच्या मिशीखालून ते झिरपलंच.

आता तरंगण्याचं गणित. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. साठ किलोचा माणूस टँकमध्ये जेमतेम तरंगत असेल, तर समुद्र त्याला दीडेक किलोचा जास्तीचा आधार देतो. पण खरी गंमत छातीत असते. पूर्ण भरलेल्या आणि बऱ्यापैकी रिकाम्या फुप्फुसांत तीन लिटरचा फरक सहज पडतो, म्हणजे तीन किलोचा आधार. घाबरलेला माणूस भराभर उथळ श्वास घेतो, त्यात नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत जाते, दम लागतो आणि तो आणखी घाबरतो. सावकाश, खोल श्वास घेतला की दम लागत नाही आणि छाती आपोआप वर राहते. दुसरी गोष्ट मानेची. समोर बघायला डोकं उचललं की पाय खाली जातात. नजर सरळ तळाकडे ठेवली की शरीर आडवं राहतं.

मालवणला लाइफ जॅकेट देतात आणि गाइड रिंग धरून सोबत असतो. जॅकेट घ्याच, पोहता येत असलं तरी. मात्र सैल जॅकेट पाण्यात गेल्यावर हनुवटीपर्यंत सरकतं, मान वर ढकलतं आणि पाय खाली जातात. बोटीतच कोणाला तरी ते खांद्याला धरून वर ओढायला सांगा. कानापर्यंत आलं तर पट्टे आवळा, नाहीतर लहान माप मागा. पायात फिन्स नव्हत्या, आणि माझ्या मते पहिल्या वेळी नसलेल्याच बऱ्या. आपली लांबी अचानक हातभर वाढते आणि मागे काय मोडतंय ते दिसत नाही.

आम्ही अष्टमीच्या आसपासचा दिवस निवडला होता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जास्त ओढतं, अष्टमीच्या आसपास, म्हणजे भांगाच्या दिवसांत, कमी. वेळ भरतीच्या जवळची घेतली. ओहोटीला पोट आणि खडक यांत फार अंतर उरत नाही. खाली हात लांब केला आणि प्रवाळ पोहोचेलसं वाटलं, तर खोल बाजूला वळायचं.

पहिली दहा मिनिटं उत्तम गेली. मग दादाचा मास्क भरला आणि तो उभा राहायला गेला. आमचा गाइड ओरडला, "दादानू, उभे रवू नकात, पाण्यार झोपा!" आणि दादाच्या पोटाखाली रिंग सरकवून त्याला आडवं केलं. पाय खडकापासून वीतभर वर राहिले. यावरून एक सोपा नियम: काहीही बिघडलं तर उभं राहायचं नाही, पाठीवर वळायचं. तोंड हवेत येतं, पाय वरच राहतात आणि मास्क निवांत काढता येतो.

परतताना दादाच्या हाताला जेलीफिशचा धागा लागला. बोटीवर कोणीतरी लगेच बिसलेरी ओतायला निघालं. गोडं पाणी नको, वाळूने चोळणंही नको. कातडीवर उरलेल्या डंखपेशी त्याने आणखी फुटतात. आम्ही समुद्राचंच पाणी ओतलं, चिमट्याने धागे उचलले आणि खोलीवर आल्यावर अर्धा तास हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवला. संध्याकाळी फक्त लाल रेघ उरली. धाप, उलट्या, चेहऱ्यावर सूज किंवा डोळ्याला डंख असेल तर मात्र थेट दवाखाना. किनाऱ्यावर मरून पडलेली जेलीफिशही डंख मारते. पाकट, म्हणजे शेपटीत काटा असलेला चपटा मासा, वाळूत दबून बसते, म्हणून उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नका, घासत न्या, ती आधीच निघून जाते.

उन्हासाठी आम्ही पूर्ण बाह्यांचे स्विमिंगचे टीशर्ट घातले. क्रीम कमी लागतं, म्हणजे पाण्यातही कमी उतरतं, आणि दंडाला डंखही कमी.

एक तक्रार. फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव टाकला जात होता. आम्ही नको म्हटलं, तर फोटो फुकट असल्याचं समजावून सांगण्यात आलं. बुकिंग करताना दोन गोष्टी विचारा: पाव टाकता का, आणि नांगर खडकावर टाकता की वाळूत. दुसऱ्या प्रश्नाला जो पटकन उत्तर देतो त्याच्याकडे जा.

सईने किनाऱ्यावर पांढरा प्रवाळाचा तुकडा उचलला होता. आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळं आहेत, मेलेलंही घरी नेता येत नाही. तिने तो परत पाण्यात टाकला आणि कोल्हापूरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दादा मात्र पुढच्या रविवारी सकाळी सातलाच टँकवर हजर होता, मिशी काढून.