पस्तीस वर्षे एकाच बाकावर

परळ-लालबाग भागातील आमच्या शाळेत दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, वार्षिक परीक्षा संपल्यावर आणि निकाल लागण्यापूर्वी, त्या वर्षी निवृत्त होणाऱ्या शिक्षकांचा निरोप समारंभ होतो. शाळा आणि माजी विद्यार्थी मंडळ मिळून तो करतात. शाळेला वेगळे सभागृह नाही. दुसऱ्या मजल्यावरील तीन वर्गांच्या मधले लाकडी घडीचे दरवाजे सरकवले की जे लांबट दालन तयार होते, तेच आमचे सभागृह. ईशस्तवन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, मानपत्राचे वाचन, मग भाषणे आणि शेवटी बटाटेवडा व कॉफी, हा क्रम मी शाळेत असल्यापासून बदललेला नाही आणि तो बदलू नये असेच मला वाटते. डोंबिवली, विरार, पनवेल अशा ठिकाणी विखुरलेली माणसे या एका संध्याकाळसाठी परळला उतरतात आणि आपापल्या जुन्या वर्गाच्या भागात, जणू ठरल्याप्रमाणे, जाऊन बसतात.

या समारंभांतील भाषणे बहुधा एकाच वाटेने जातात. बोलणारा माजी विद्यार्थी आयुष्यात काहीतरी झालेला असतो, तो आपली आठवण सांगतो आणि शिक्षकांमुळे आपण घडलो असे म्हणतो. ते खरेही असते. पण पस्तीस वर्षे शिकवलेल्या माणसापुढे पाच-सहा यशस्वी विद्यार्थी उभे केले, तर उरलेल्या हजारोंचे काय, ही चुटपुट मला दरवर्षी लागत असे. २०१९ च्या एप्रिलमध्ये आमच्या गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, तेव्हा या चुटपुटीला उत्तर देणारे भाषण मी ऐकले. ते केले शाळेच्या कार्यालयातील लिपिकांनी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो.

बाई जून १९८४ मध्ये शाळेत आल्या आणि काका त्यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी. काकांनी कधी वर्गात शिकवले नाही, पण प्रत्येक मूल शाळेत येताना आणि जाताना त्यांच्या खिडकीसमोर उभे राहिलेले आहे. प्रवेशअर्जावर वडिलांचा व्यवसाय असतो, जनरल रजिस्टरमध्ये जन्मस्थान आणि मागची शाळा असते, दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण असते. लोकलच्या सवलतीच्या पासासाठी शाळेच्या शिक्क्याचा फॉर्म लागतो, त्यामुळे कोणाचे घर केव्हा मुंबईबाहेर गेले हेही सर्वांत आधी त्यांनाच कळते. या नोंदी आणि आमच्या संमेलनांत वर्षानुवर्षे कानांवर पडलेल्या गोष्टी यांतून त्यांनी एक विद्यार्थी उभा केला. त्यांनी भाषणाच्या आरंभीच सांगितले की ते एका मुलाविषयी बोलणार आहेत. हे मूल १९८४ मध्ये खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसले आणि अजून तिथेच बसलेले आहे. मुलगा की मुलगी, हे शेवटपर्यंत कळले नाही.

नंतर कॉफी घेताना मी त्यांना विचारले तेव्हा त्यांनी आपला नियम सांगितला. जी गोष्ट एकाच मुलाच्या बाबतीत घडली ती घ्यायची नाही. निदान दोन वेगळ्या तुकड्यांमध्ये, दोन वेगळ्या वर्षी घडलेलीच घ्यायची. पहिल्या आलेल्यांना आणि फार खोडकरांना गाळायचे, कारण ते सगळ्यांनाच आठवतात आणि सगळी जागा अडवतात. असे चित्र बिघडते कसे, तेही त्यांना नीट ठाऊक होते. ऐकणाऱ्यांनी हसून एखादे नाव घेतले, तर ते एकाच व्यक्तीचे चित्र झाले. कोणालाच काही ओळखीचे वाटले नाही, तर ते कोणाचेच झाले नाही. वेगवेगळ्या वर्षांच्या माणसांना, एकमेकांना न विचारता, हे आपल्याबद्दलच आहे असे वाटायला हवे.

भाषणातील ते मूल पाचवीत आले तेव्हा त्याच्या वडिलांचा व्यवसाय प्रवेशअर्जावर ‘गिरणी कामगार’ असा लिहिलेला होता, पण वडील घरीच होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरण्यांचा संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही आणि त्यात उतरलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांपैकी कित्येकांना पुन्हा गिरणीत काम मिळाले नाही. या मुलाची आई खानावळ चालवत असे. संपात जेवायला येणारे कामगार कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी निघून गेले, तशी खानावळ बंद पडली आणि घरात पाकिटे चिकटवण्याचे काम आले. मुलाकडे कंपासपेटी नव्हती.

भूमितीच्या रचनेच्या प्रश्नात आधी कच्ची आकृती काढायची असते. ती हाताने, नुसत्या पेन्सिलीने काढतात. दिलेली मापे तिच्यावर लिहितात आणि मग कर्कटक व पट्टी घेऊन पक्की रचना करतात. बहुतेक मुले घाईत पक्की रचना आधी करतात आणि कच्ची आकृती नंतर उपचार म्हणून कोपऱ्यात काढतात. बाई हे पाहताक्षणी ओळखत, कारण नंतर काढलेली कच्ची आकृती नेहमी फार नेमकी येते. बाईंच्या वर्गात कच्च्या आकृतीला वेगळा गुण होता आणि ती झाल्याशिवाय कर्कटकाला हात लावायचा नाही, असा शिरस्ता होता. काका म्हणाले की कंपासपेटी नसलेल्या मुलाला या शिरस्त्यामुळे वर्गातील पहिली पाच मिनिटे इतरांइतकीच मिळत. त्यानंतर बाई कपाटातून पत्र्याचा एक डबा काढत. मागच्या वर्षांच्या मुलांनी विसरलेली कर्कटके, कोनमापक आणि गुण्या त्यात असत, आणि कोणी काय घेतले हे त्या बघत नसत. येथे सभागृहात मागच्या बाजूला कुजबुज झाली, आणि ती एकाच रांगेतून आली नाही.

नववीत याच मुलाने विशालकोन त्रिकोणाचे परिवर्तुळ काढायला घेतले. दोन बाजूंचे लंबदुभाजक काढले की ते जिथे छेदतात तिथे परिकेंद्र, हे त्याला पाठ होते. पण छेदनबिंदू त्रिकोणाच्या बाहेर पडला. आपले चुकले असे समजून त्याने रबराने सगळे खोडले, पुन्हा काढले, पुन्हा बाहेर पडला, पुन्हा खोडले, शेवटी कागदच फाटला. बाईंनी त्याच्या कच्च्या आकृतीवर बोट ठेवून त्रिकोणाचा मोठा कोन दाखवला आणि एवढेच विचारले की तिन्ही शिरोबिंदूंपासून सारख्या अंतरावर असलेला बिंदू आत मावेल का. लघुकोन असता तर मावला असता, काटकोन असता तर तो कर्णाच्या मध्यावर आला असता, विशालकोनात तो बाहेरच जाणार. ही गोष्ट काका सांगू लागले तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या १९९६ च्या तुकडीतील माजी विद्यार्थिनीने माझा हात धरला. मी स्वतः १९८९ चा आणि तो फाटलेला कागद माझा आहे अशी माझी खात्री होती.

जानेवारी १९९३ च्या दंगलीबद्दल काका दोनच वाक्ये बोलले. शाळा पुन्हा भरली तेव्हा तिसऱ्या बाकावरची शेजारची जागा रिकामी होती, आणि तिथे बसणाऱ्या मुलाचे वडील दाखला न्यायला आले तेव्हा कारणाच्या रकान्यात ‘स्थलांतर’ एवढेच लिहिले गेले.

त्यानंतर स्थलांतर याही मुलाच्या वाट्याला आले. चाळीतील खोली विकून घर डोंबिवलीला गेले, पण दहावी होईपर्यंत शाळा बदलायची नाही असे ठरले आणि दर महिन्याला पासाचा फॉर्म घेऊन ते काकांच्या खिडकीशी उभे राहू लागले. २६ जुलै २००५ रोजी दुपारी पाऊस वाढला, हिंदमाताला नेहमीप्रमाणे आणि मग नेहमीपेक्षा फार जास्त पाणी भरले, लोकल बंद पडल्या. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे नंतर कळले. त्या संध्याकाळी कार्यालयात एवढेच कळत होते की फोन लागत नाहीत आणि लांबून येणारी मुले वरच्या मजल्यावर बसलेली आहेत. ज्या दालनात आम्ही भाषण ऐकत होतो, तिथेच बाक जोडून ती मुले झोपली. बाईंनी प्रत्येक मुलाचे नाव, स्थानक आणि घराजवळचा एखादा फोन क्रमांक एका वहीत लिहून घेतला आणि रात्रभर एकेक क्रमांक लावून पाहिला. ती वही काकांनी जपून ठेवली होती. त्यांनी ती वर धरून दाखवली, उघडली मात्र नाही.

शेवटच्या दहा वर्षांत तिसऱ्या बाकावरील मुलाच्या वडिलांचा व्यवसाय ‘सुरक्षारक्षक’ झाला, बहुधा जुन्या गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या एखाद्या टॉवरमध्ये. जन्मस्थान उत्तर प्रदेशातले किंवा कर्नाटकातले, घरची भाषा वेगळी. गिरणगावातील मराठी घरे आपली मुले इंग्रजी शाळेत घालू लागली होती, अ पासून ड पर्यंतच्या तुकड्या एकट्या अ वर आल्या होत्या, आणि या मुलाला लंबदुभाजक म्हणजे काय हे मराठीत समजत होते पण घरच्या भाषेत सांगता येत नव्हते. कच्ची आकृती काढायला मात्र कोणतीच भाषा लागत नव्हती. काकांनी त्या मुलाला मार्चच्या परीक्षेत पास करून, दाखल्यावर ‘दहावी उत्तीर्ण’ असे लिहून भाषण संपवले.

बाई उत्तराला उभ्या राहिल्या. आभाराचे ठरीव शब्द त्यांनी बाजूला ठेवले आणि काकांकडे वळून म्हणाल्या, “तुमचं ते मूल पहिल्याच खेपेला पास कसं झालं? माझी कितीतरी मुलं मार्चमध्ये गणितात राहायची आणि ऑक्टोबरला बसायची. फॉर्म भरायला ती तुमच्याच खिडकीशी यायची ना?” काकांनी बसल्या जागेवरून हात जोडून मान्य केले. बाई पुढे म्हणाल्या की ऑक्टोबरची परीक्षा, जी २०१५ पासून जुलैत होऊ लागली, तिच्यासाठी आलेल्या मुलांना त्यांनी सुट्टीच्या दिवशी याच दालनाच्या एका टोकाला शिकवले आहे. त्या तासांची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही आणि समारंभांना ती मुले क्वचितच येतात. मग त्यांनी विचारले की आज त्यांपैकी कोणी आले आहे का. थोडा वेळ गेला. आधी एक हात वर झाला, मग खिडकीच्या बाजूने आणखी काही.

मंडळाच्या त्या वर्षीच्या स्मरणिकेत काकांचे भाषण छापले आहे. त्यात ते मूल मार्चमध्ये नापास होते, ऑक्टोबरचा फॉर्म भरते आणि रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावर बाईंच्या तासाला येते. हा परिच्छेद काकांनी हात वर केलेल्या माणसांना एकेक करून गाठून, त्यांना विचारून लिहिला.