पाकीट क्रमांक 214

आजी गेल्यावर शेतावर वारस नोंद लावायची होती. त्यासाठी तिच्या ट्रंकेतले कागद मी चाळत होते, तेव्हा एका जुन्या कागदाच्या आठपदरी घडीत एक गुलाबी पावती सापडली. वर तालुक्याच्या गावातल्या एका नागरी सहकारी बँकेचं नाव होतं. ही बँक आज त्या नावाने राहिलेली नाही, एका मोठ्या बँकेत ती विलीन झाली आहे. खाली लिहिलं होतं, ‘सोनेतारण कर्ज, शेतीकामासाठी’, जून 2006. कर्जदार म्हणून आजीचं नाव आणि अंगठा.

जिन्नस तीन. पाटल्या 2 नग, निव्वळ वजन 30 ग्रॅम. बांगड्या 4 नग, 39.500 ग्रॅम. बोरमाळ 1, ढोबळ वजन 14.300, निव्वळ 9 ग्रॅम. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, म्हणून सराफाने ती वजा केली होती. एकूण साडेअठ्ठ्याहत्तर ग्रॅम, मूल्यांकन 51,025 रुपये, कर्ज 38,000, मुदत बारा महिने. कोपऱ्यात लाल शाईत पाकीट क्रमांक 214. मागच्या बाजूला ऊस बिलातून वसुलीला संमती असल्याचा शिक्का आणि पुन्हा आजीचा अंगठा.

आईने पावती हातात घेतली आणि बांगड्यांच्या ओळीवर बोट ठेवलं. “या माझ्या.”

2006 साली बाबांना मिरजेला दवाखान्यात ठेवलं होतं. शेतीसाठी म्हणून सोनं ठेवलं तर व्याज कमी बसायचं, म्हणून पावतीवर शेती. बँकेची सभासद आजी, म्हणून कर्ज आजीच्या नावावर. पुढच्या वर्षी बाबा गेले. मग लिलावाची नोटीस आली. आजीला वाचता येत नव्हतं, काकांनी वाचून दाखवली आणि घरात ठरून गेलं की सोनं बुडालं. त्यावर पुन्हा कोणी बोललं नाही. आई म्हणाली, “तुझ्या आजीला दोनदा विचारलं होतं. म्हणाल्या, गेलं ते गेलं.”

मला मात्र ते पटेना. नोटीस म्हणजे लिलाव नव्हे. करार कायद्याच्या कलम 176 प्रमाणे तारण विकण्याआधी नोटीस द्यावीच लागते, आणि कलम 177 प्रमाणे सोनं प्रत्यक्ष विकलं जाईपर्यंत पैसे भरून ते सोडवता येतं. विकलं असेल आणि कर्ज फिटून वर पैसे उरले असतील तर ते कर्जदाराचे. म्हणजे तीनच शक्यता होत्या: सोनं विकलं आणि वरचे पैसे दिले नाहीत, सोनं विकलं पण वर काही उरलं नाही, किंवा सोनं अजून तिथेच आहे. पहिल्या दोन्हींत लिलाव रजिस्टरला नोंद हवी.

शाखेत गेले. काउंटरवरच्या मुलाने आजीचं नाव टाकलं आणि म्हणाला, “असं खातंच नाही. आणि इतकं जुनं रेकॉर्ड आम्ही ठेवत नाही.” पहिलं वाक्य खरं होतं. विलीनीकरणात चालू खाती नव्या संगणकात जातात, बंद झालेली बरीचशी जात नाहीत. दुसरंही अर्धं खरं. जुनी व्हाउचरं आणि खातेवह्या ठरावीक वर्षांनी नष्ट करायला बँकेला मुभा असते. पण ती मुभा कागदापुरती, तारण ठेवलेलं सोनं त्या नियमात येत नाही.

म्हणून तोंडी विचारणं थांबवलं आणि अर्ज लिहिला. त्यात आजीच्या कर्जखात्याचा उतारा मागितला, पाकीट क्रमांक 214 ची सद्यस्थिती विचारली, आणि लिलाव झाला असल्यास तारीख, आलेली रक्कम व शिल्लक रकमेचा हिशेब मागितला. खाली एक वाक्य: सोनं शिल्लक असल्यास ते वारसांना परत द्यावं. या शेवटच्या वाक्याला वजन आहे. मुदतीच्या कायद्यात तारण ठेवलेली वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याला तीन वर्षं आहेत, पण ती मोजायची मागणी केल्यावर मिळालेल्या नकारापासून. गहाण टाकल्या दिवसापासून नव्हे. तेव्हा मागणी कधी केली याचा पुरावा हातात हवा. काउंटरवर पोच द्यायला खळखळ झाली, तसा अर्ज स्पीड पोस्टाने मुख्य कार्यालयाला पाठवला आणि प्रत शाखेला.

त्यानंतर शाखाधिकारी मॅडमनी स्वतः फोन केला. बाई कामाच्या. त्यांनी आजीचं नाव शोधलंच नाही, हस्तांतराची यादी काढली. दोन बँका एक होताना तिजोरीतली सोन्याची पाकिटं दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांसमोर मोजून ताब्यात घेतली जातात आणि त्याची सह्यांनिशी यादी होते. तिच्यात 214 होतं. शेरा: ‘कर्ज निरंक, दागिने नेले नाहीत.’

उतारा जुन्या बँकेच्या बांधीव खतावणीत मिळाला. नोटिशीनंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी 2008 मध्ये, पहिली ‘ऊस बिल वसुली’. मग आणखी कपाती, आणि मार्च 2009 मध्ये बाकी शून्य. आजीने दिलेल्या त्या मागच्या बाजूच्या अंगठ्याने काम केलं होतं. कारखान्याचं बिल खात्यावर जमा होई, बँक आपलं कापून घेई, आणि हाती येणारं बिल कमी का, याचं उत्तर घरी ‘सोसायटीने कापलं’ असं असायचं. कर्ज फिटलं हे ना बँकेने कळवलं, ना आमच्याकडून कोणी विचारायला गेलं.

रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये सोनेतारणाचे नवे निर्देश काढले. कर्ज पूर्ण फिटून दोन वर्षं उलटली तरी सोनं बँकेत असेल तर ते ‘दावा न केलेलं’ धरायचं, आणि कर्जदाराचा किंवा वारसांचा शोध घेण्यासाठी बँकेनेच वेळोवेळी मोहीम काढायची. अंमलबजावणीला 1 एप्रिल 2026 पर्यंत मुदत होती. मॅडमच्या टेबलावर त्याचीच फाइल होती. अशी अजून किती पाकिटं आहेत, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता प्रश्न वारसांचा. कायदा अधिकाऱ्याने ‘सक्सेशन सर्टिफिकेट आणा’ म्हणून सांगितलं. आमच्या वकिलांनी पत्रातच उत्तर दिलं की ते प्रमाणपत्र येणी आणि रोख्यांसाठी असतं, दागिन्यांसाठी कोर्ट ते देत नाही. महाराष्ट्रात 1827 च्या रेग्युलेशनखाली वारस प्रमाणपत्र मिळतं, पण त्याला वेळ लागतो, आणि वारसांत वाद नसेल तर बँक इंडेम्निटी बाँडवर दागिने देऊ शकते. मुख्य कार्यालय शेवटी त्याला तयार झालं. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, एकाला दागिने द्यायला बाकीच्यांची संमती, 500 रुपयांच्या स्टॅम्पवर हमी, आणि मूळ पावती.

वारस कोण, हे लिहिताना गाठ बसली. हिंदू स्त्रीचे पहिले वारस म्हणजे मुलगे, मुली, नवरा, आणि आधी वारलेल्या मुलामुलींची मुलं. आजोबा आधीच गेलेले. म्हणजे काका, आत्या आणि बाबांच्या जागी मी. सून त्यात नाही. पाकिटातल्या निम्म्या सोन्याची धनीण आई, आणि कागदावर तिचं नाव कुठेच येत नव्हतं. बँकेला विचारलं तर त्यांनी कर्जाचा मूळ अर्ज दाखवला. ‘सदर दागिने माझ्या मालकीचे आहेत’, खाली आजीचा अंगठा. बँकेपुरता विषय संपला.

काकांची भाषा तेवढ्यात बदलली होती. तोळा लाखाच्या पुढे गेला होता आणि हिशेब आठ लाखांवर जात होता. “वहिनी, तुमच्या कशावरून? बांगड्या सगळ्या सारख्याच असतात.” मग म्हणाले, तीन वाटे समान करू, भांडण नको. आत्या गप्प होती. आईने आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली, “एका बांगडीला सांधा आहे. पोरगी लहान असताना विहिरीच्या कठड्यावर आपटून चेमटली होती. मग तुटली. सोनाराने जोडली, तिथे रंग जरा फिका आहे. बाकी तिघींना नाही. आधी पाकीट उघडू द्या.”

सगळे मिळून शाखेत गेलो. काचेआडच्या खोलीत सराफ, मॅडम आणि कॅशिअर. पाकीट म्हणजे मांजरपाटाची पिशवी, तोंडाला सुतळी आणि त्यावर लाखेची दोन सीलं, जुन्या बँकेच्या शिक्क्याची. मॅडमनी सील आधी आम्हाला दाखवलं, अखंड असल्याचं लिहून घेतलं, आणि मग कापलं. हे पाहून घ्यावंच लागतं, कारण पिशवी उघडल्यावर वजनाबद्दल तक्रार केली तर ती कोणी ऐकत नाही. आतली चिठ्ठी पावतीशी ताडली. पाटल्या बरोबर. बोरमाळ काळपटलेली, ढोबळ 14.300, तसूभर फरक नाही. बांगड्यांचं ढोबळ वजन पावतीवर 40.100 होतं, काट्यावर 40.090 आलं. दहा मिलिग्रॅम काट्या-काट्यात जातात, सराफाने तसा शेरा मारला.

आत्याने चारही बांगड्या एकेक करून उजेडात फिरवल्या. तिसरीवर थांबली. नखाने सांधा खरवडला आणि ती काकांच्या हातात दिली. “बघ. मला आठवतंय, मीच नेली होती सोनाराकडे.” काकांनी चष्मा वर करून पाहिलं. “मग वहिनींच्याच,” म्हणाले, आणि वर पुन्हा, “पण पाटल्या आईच्या.” त्याला कोणाची ना नव्हतीच.

शेवटी बिलाचा कागद पुढे आला: 2009 पासूनची सांभाळणावळ. करारात किंवा पावतीवर असं शुल्क कुठे लिहिलंय, एवढं विचारलं. कॅशिअरने मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी कागद परत घेतला. त्या ठाम राहिल्या असत्या तर मी लेखी तक्रार करणार होते. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

रजिस्टरात दागिने मिळाल्याची सही माझी. बाकीचे वारस म्हणून काका आणि आत्या. साक्षीदार म्हणून एक सही हवी होती आणि ती वारसाबाहेरच्या माणसाची हवी. मॅडमनी पेन आईपुढे धरला. स्वतःच्या बांगड्या मला मिळाल्या याची साक्ष आईने दिली आणि बाहेर पडायच्या आत चारही हातात चढवून घेतल्या. चढायला वेळ लागला, तेवढ्यात काका रिक्षा बघायला गेले.

बोरमाळ आत्याने घेतली. पाटल्या काकांकडे एक आणि माझ्याकडे एक. जोडीची पाटली एकेकटी घालता येत नाही, तेव्हा माझ्या लग्नाच्या वेळी काकांची मी बाजारभावाने विकत घ्यायची, असं तोंडी ठरलंय. भाव मात्र कोणत्या दिवशीचा, यावर अजून आमचं चालू आहे.