आमची वाटचाल : ‘माल नाही’ सांगायची रीत

मुंबईत नागदेवीतल्या आमच्या बेअरिंगच्या दुकानात पूर्वी माल संपला की काउंटरवरून ‘नाही’ एवढंच उत्तर जायचं. धंदा वाढला तसा त्या ‘नाही’ला एक प्रश्न जोडला गेला, आणि पुढे एक तारीख.

समजा, सोमवारी दुपारी फिटरचा फोन आला : ‘६२०५ टू-आरएस, सी-थ्री, दोन नग हवेत.’ कॉम्प्युटरवर दोन दिसतात, पण ते दुसऱ्या पार्टीसाठी बाजूला काढलेले असू शकतात, म्हणून आधी रॅक बघायचा. तिथे नसेल तर पहिल्याच वाक्यात सांगायचं, ‘दादा, आज नाहीत.’ लगेच विचारायचं, बसवायचे कुठे?

पर्याय त्या उत्तरावर ठरतो. ६२०५ चं भोक २५, बाहेरचा व्यास ५२ आणि रुंदी १५ मिलिमीटर. दुसऱ्या कंपनीचं याच पूर्ण नंबरचं बेअरिंग असेल तर तोच सगळ्यात चांगला पर्याय. फक्त कंपनीचं नाव आणि भावातला फरक आधी सांगायचा. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. झेडझेडही त्याच मापाचं असल्यामुळे ते बसतंच, आणि घोळ तिथेच होतो. त्याची पत्र्याची झाकणं आतल्या कड्याला टेकत नाहीत, बारीक फट राहते. कोरड्या जागेतल्या मोटारीला ते चालतं. सोसायटीच्या पंपाला, जिथे पंपाचं सील गळून पाणी शाफ्टवर येतं, तिथे ग्रीस धुऊन जातं आणि आवाज सुरू होतो.

सी-थ्री म्हणजे गोळ्या आणि कड्यांमधली आतली फट नेहमीपेक्षा जास्त. मोटार तापली की आतलं कडं बाहेरच्यापेक्षा जास्त फुगतं, आणि त्यासाठी ही जागा लागते. म्हणून जुन्या बेअरिंगवर सी-थ्री असेल तर त्या जागी साधं आम्ही देत नाही, गिऱ्हाईक घाईत असलं तरी. ६३०५ चं भोकही २५ चंच, पण बाहेरून ते ६२. हाउसिंगमध्ये जाणारच नाही.

आता तारीख. डिस्ट्रिब्युटरचं ‘उद्या येईल’ आम्ही तारीख धरत नाही. माल भिवंडीच्या गोदामात आहे की कंपनीकडून यायचाय, हे विचारतो. गोदामात असेल तर सोमवारी संध्याकाळी ऑर्डर, मंगळवारी बिल, बुधवारी टेम्पो, मग नग मोजून नंबर तपासणं. गिऱ्हाइकाला सांगायचं : ‘गुरुवारी दुपारी १२ नंतर. दोन नग तुमच्या नावाने ठेवू का?’ कंपनीकडून यायचा असेल तर अंदाजाने तारीख द्यायची नाही. ‘बुधवारी विचारून सांगतो’ म्हणायचं आणि बुधवारी खरंच फोन करायचा.

बुधवारी संध्याकाळपर्यंत टेम्पो आला नाही, तर त्याच संध्याकाळी फिटरला कळवतो. चालू पंप गुरुवारी सकाळी त्याने खोलून ठेवला, तर बिल्डिंगचं पाणी बंद.